चार नोझल, एक चार्ट, आणि परत आलेला पेपर: सबग्रुप चुकला की मशीन?

नोंदवहीवाली

नमस्कार मंडळी. मी एका सॉसच्या कारखान्यात क्यूसीला आहे आणि नोकरी सांभाळून मास्टर्स करते आहे. त्यासाठी आमच्याच भरण-लाइनवरचा पेपर लिहिला होता. तो रिव्ह्यूअरने परत पाठवला. शेरे वाचून दोन दिवस डोकं चालत नाहीये, म्हणून इथे विचारते.

लाइन साधी आहे. चार नोझलचा पिस्टन फिलर, बाटलीवर निव्वळ वजन ५०० ग्रॅम. दर अर्ध्या तासाला चार बाटल्या उचलून वजन केलं, असे २५ संच, म्हणजे एकूण १०० बाटल्या. प्रत्येक बाटली भरण्याआधी रिकामी तोलून तिचं टेअर वेगळं घेतलं होतं, त्यामुळे काचेच्या वजनातला फरक आकड्यांत आलेला नाही. सरासरी आणि रेंजचा चार्ट काढला. एकूण सरासरी ५०१.५, रेंजची सरासरी ८.० ग्रॅम. चारच्या सबग्रुपसाठीचा ०.७२९ हा गुणक लावला:

```
वरची लिमिट  = ५०१.५ + ०.७२९ × ८.० = ५०७.३
खालची लिमिट = ५०१.५ − ०.७२९ × ८.० = ४९५.७
```

२५ पैकी एकही बिंदू बाहेर नाही. रेंजच्या चार्टवरही सगळे आत. म्हणून मी लिहिलं की प्रक्रिया नियंत्रणात आहे. मग ४८५ ते ५१५ हे स्पेसिफिकेशन धरून सीपीके काढला, तो १.१६ आला. पीपीके १.४२. निष्कर्ष असा की प्रक्रिया स्थिर आहे पण क्षमता १.३३ पेक्षा कमी, तेव्हा फिलरमधला चढउतार कमी करावा लागेल.

रिव्ह्यूअरचे तीन शेरे आहेत. सबग्रुप कोणत्या आधारावर पाडले ते लिहिलेलं नाही. बिंदू मध्यरेषेला अस्वाभाविकपणे चिकटलेले आहेत. आणि पीपीके हा सीपीकेपेक्षा मोठा कसा?

पहिला शेरा ठीक, एक वाक्य वाढवेन. पण बिंदू मध्यरेषेजवळ असणं हा दोष कसा? ते तर चांगलंच ना?

---

सुपरवायझर_२८

ताई, मी अठ्ठावीस वर्षं पॅकिंगला काढली आहेत. बिंदू लिमिटच्या आत असले म्हणजे मशीन ठीक चाललंय, यात दुसरं काही नाही. रिव्ह्यूअरने कधी फिलरजवळ उभं राहून पाहिलंय का हा प्रश्न आहे. तुमचा सीपीके कमी आलाय तो मशीन जुनं झाल्यामुळे. पिस्टनच्या ओ-रिंगा बदला, चेक व्हॉल्व्ह पाहून घ्या. रिंग झिजली की माल मागे सरकतो आणि वजन वर-खाली होतं. आमच्याकडे रिंगा बदलल्यावर दोन ग्रॅमचा फरक पडला होता.

---

स्वल्पविराम

रिव्ह्यूअरने नेमक्या जागी बोट ठेवलंय. पण त्याआधी तुमचे आकडे पाहायला हवेत. त्या चार बाटल्या कुठून उचलल्या होत्या? एकाच नोझलच्या लागोपाठच्या चार, का प्रत्येक नोझलची एक?

तुमच्या लिमिटमधला पट्टा साधारण पावणेबारा ग्रॅम रुंद आहे. सरासरीचे बिंदू प्रत्यक्षात कितीपासून कितीपर्यंत पसरलेत?

---

नोंदवहीवाली

प्रत्येक नोझलची एक. मशीनच्या एका फेरीत चार बाटल्या भरतात, त्याच चार उचलायच्या, म्हणजे सगळ्या नोझलना प्रतिनिधित्व मिळतं असं मला वाटलं. आमच्या फॉर्मवरही चार रकाने त्याच क्रमाने आहेत.

सरासरीचे बिंदू ५००.३ ते ५०२.७ एवढ्यातच आहेत. म्हणजे २.४ ग्रॅम. आता लिहिताना मलाच ते विचित्र दिसतंय.

---

स्वल्पविराम

फॉर्म तुमच्याजवळ असेल तर पहिल्या पाच ओळी रकान्यांसकट इथे टाका. सरासरी नको, कच्चे आकडे.

---

नोंदवहीवाली

```
वेळ     नो.१    नो.२    नो.३    नो.४    रेंज
८.००   ५०३.२  ५०४.६  ५०१.९  ४९६.३   ८.३
८.३०   ५०२.१  ५०५.०  ५०३.४  ४९७.१   ७.९
९.००   ५०४.३  ५०३.१  ५०२.२  ४९५.२   ९.१
९.३०   ५०२.८  ५०३.९  ५०१.४  ४९६.७   ७.२
१०.००  ५०३.७  ५०४.४  ५०३.६  ४९७.३   ७.१
```

अरे देवा. चौथा रकाना.

पंचवीसही ओळी पाहिल्या. प्रत्येक ओळीत सगळ्यात कमी आकडा चौथ्या नोझलचाच आहे, एकदाही अपवाद नाही. रकान्यांच्या सरासऱ्या काढल्या: ५०३.०, ५०४.०, ५०२.५ आणि ४९६.५. तीन महिने हा फॉर्म मी स्वतः भरतेय. एक्सेलमध्ये टाकल्यावर मी फक्त सरासरी आणि रेंजचे रकाने पाहत होते, हे चार रकाने पडद्यावरून लपवून ठेवलेले होते.

---

स्वल्पविराम

सापडलं ते महत्त्वाचं. आता तीनही शेरे एकाच धाग्याने उलगडतात, जरा सविस्तर लिहितो.

सरासरीच्या चार्टच्या लिमिट तुम्ही रेंजवरून काढता. त्यामागे एक गृहीत आहे: सबग्रुपमधल्या चार बाटल्यांत जो फरक दिसतो तो निव्वळ सहज होणारा चढउतार आहे, म्हणजे त्याच यंत्रणेने त्याच मिनिटाला चारदा भरलं तर जेवढं मागेपुढे होईल तेवढाच. चार्ट मग विचारतो की अर्ध्या-अर्ध्या तासाने होणारा बदल या सहज चढउतारापेक्षा मोठा आहे का.

तुमच्या रेंजमध्ये मात्र भलतीच गोष्ट शिरली आहे. प्रत्येक ओळीतली रेंज म्हणजे चौथं नोझल आणि बाकीच्यांतलं सगळ्यात वरचं, यांच्यातलं अंतर. ते अंतर कायमचं आहे, मशीनच्या सेटिंगमधलं आहे. तुम्ही त्याला सहज चढउतार समजून त्याने लिमिट रुंद केल्या. आणि सरासरी काढताना मात्र चारही नोझल दर वेळी असतातच, त्यामुळे ते अंतर सरासरीत दर वेळी सारखंच मुरतं आणि बिंदू हलतच नाहीत. पट्टा रुंद आणि बिंदू निश्चल, म्हणून ते मध्यरेषेला चिकटलेले दिसतात.

एक हिशोब करून पाहा. प्रत्येक रकान्याचं प्रमाण विचलन वेगळं काढा. पहिल्या पाच ओळींवरून मला ते १ ग्रॅमच्या आसपास वाटतंय.

---

नोंदवहीवाली

चारही रकान्यांचं १.१ ते १.२ आलं. चौथ्याचंही १.२.

---

स्वल्पविराम

मग १.२ धरा. चार बाटल्यांच्या सरासरीचं विचलन त्याच्या निम्मं, ०.६. तीन सिग्मा म्हणजे १.८. खऱ्या लिमिट ४९९.७ ते ५०३.३ च्या आसपास हव्या होत्या. तुमचा पट्टा त्याच्या तिपटीहून जास्त रुंद आहे. अशा चार्टवर फिलर दोन-तीन ग्रॅमने सरकला तरी बिंदू बाहेर जाणार नाही. तो चार्ट आंधळा आहे, म्हणून शांत आहे. लागोपाठ १५ बिंदू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एका सिग्माच्या आतच पडले तर तोही इशारा समजावा, असा जो नियम आहे तो नेमका याच प्रसंगासाठी. तुमच्याकडे २५ च्या २५ तसे आहेत.

आता पीपीके. रेंजवरून काढलेला सिग्मा ८.० भागिले २.०५९, म्हणजे ३.८९. सगळ्या १०० बाटल्यांचा एकत्र काढलेला ३.१७ असणार, कारण तुमच्या १.४२ वरून तोच निघतो. साधारणपणे उलटं दिसतं: थोड्या वेळातला चढउतार लहान आणि लांब पल्ल्याचा मोठा, म्हणून पीपीके सीपीकेइतका किंवा त्याहून लहान. तो इतका ठळक मोठा निघाला तर पहिला संशय सबग्रुपवर घ्यायचा. ते २.०५९ हे मूल्य चारही आकडे एकाच घंटेसारख्या वक्रातून आले असं धरून काढलेलं आहे. तुमच्याकडे तीन एका गटातले आणि एक कायम बाजूला, म्हणून रेंज फुगते. रिव्ह्यूअरने चार्ट न पाहता नुसत्या या दोन आकड्यांवरून ओळखलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

सुपरवायझर काका, तुमच्या ओ-रिंगांबद्दल: रिंग झिजलेली असती तर चौथं नोझल कमी भरलं असतंच, पण कधी दोन ग्रॅम, कधी आठ ग्रॅम असं भरलं असतं. त्याचं विचलन बाकीच्यांपेक्षा मोठं दिसलं असतं. इथे चौथं नोझल बाकीच्यांइतकंच नेमकं भरतंय, फक्त सहा-सात ग्रॅम खाली. कमी पण नेमकं असेल तर मला सेटिंग दिसतं, कमी आणि विस्कळीत असेल तर गळती. म्हणून मी आधी स्ट्रोक पाहीन.

---

सुपरवायझर_२८

हे पटलं. विचलन वेगळं पाहायचं हे आमच्या काळी कुणी सांगितलं नाही, आम्ही हाताच्या अंदाजाने चालायचो.

मग ताई, हे पाहा. अशा फिलरला सगळ्या पिस्टनचा मिळून एक मोठा स्ट्रोकचा स्क्रू असतो आणि प्रत्येक नोझलला आपली बारीक जुळवणी असते, वर लॉकनट. धुण्यासाठी पिस्टन काढले की परत बसवताना ती जुळवणी हलते. आणि ऑपरेटर वजन कमी दिसलं की मोठा स्क्रू फिरवतो, कारण तो हाताशी असतो. त्याने चारही वर जातात, चौथं होतं तिथेच मागे राहतं. तुमची तीन नोझल ५०३-५०४ ला का गेली असतील ते यातून कळतं. चौथ्याची कमतरता बाकी तिघांनी भरून काढली.

---

अबोली_म

मला एक कळलं नाही. तुमच्या चार्टवर ४८५ आणि ५१५ च्या रेषा का नाहीत? आमच्याकडे चार्टवर तांबड्या रेषा स्पेसिफिकेशनच्याच असतात आणि ऑडिटरने कधी हरकत घेतलेली नाही. ४९६ म्हणजे ४८५ च्या वरच आहे, मग चौथ्या नोझलचा एवढा बाऊ का? मी पण एक पेपर लिहितेय, त्यात असाच चार्ट टाकलाय.

---

स्वल्पविराम

अबोली, पेपर पाठवायच्या आधी त्या रेषा काढा. हे मी मनापासून सांगतोय, कारण खाद्यपदार्थांच्या कारखान्यांवरचे जे पेपर माझ्याकडे वाचायला येतात त्यांत ही चूक फार वेळा असते.

स्पेसिफिकेशन एकेका बाटलीसाठी असतं. चार्टवरचा बिंदू चार बाटल्यांची सरासरी असतो. समजा चार बाटल्या ५०८, ५०७, ५०६ आणि ४८३ भरल्या. सरासरी ५०१. तुमच्या तांबड्या रेषांमध्ये तो बिंदू अगदी मधोमध बसेल, आणि ४८३ ची बाटली ४८५ च्या खाली गेलेली असेल. सरासरी ४८५ पर्यंत उतरायची वाट पाहिली तर तोवर निम्म्या बाटल्या त्याच्या खाली असतील.

कंट्रोल लिमिट प्रक्रिया स्वतः सांगते, स्पेसिफिकेशन बाहेरून येतं. पहिल्या रेषा "काही बदललं का" याचं उत्तर देतात, दुसऱ्या "चालेल का" याचं. दुसऱ्या प्रश्नासाठी एकेका बाटलीच्या वजनाचा हिस्टोग्राम काढा आणि स्पेसिफिकेशनच्या रेषा त्याच्यावर मारा. तुमच्या ऑडिटरने हरकत घेतली नाही हे खरं असेल, पण त्याने त्या चार्टला अर्थ येत नाही.

---

नोंदवहीवाली

अबोलीताईंच्या प्रश्नामुळे मी तो हिस्टोग्राम काढला. १०० बाटल्यांचा. एक टेकडी ५०३ च्या आसपास, आणि डावीकडे ४९६-४९७ ला वेगळी छोटी टेकडी. मधे जवळजवळ रिकामं. पेपरमध्ये मी "वितरण सामान्य असल्याचे गृहीत धरले आहे" असं वाक्य टाकलं होतं. एकदाही चित्र काढून पाहिलं नव्हतं.

आता पुढचा प्रश्न. मग मी एकाच नोझलच्या लागोपाठ पाच बाटल्या घेऊ का? माझ्या गाइड सरांनी तेच सुचवलंय.

---

वाळवणघर

सरांचं निम्मं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि उरलेल्या निम्म्यात मी स्वतः पडलो होतो, म्हणून लिहितो.

माझा विषय ड्रायर. पट्ट्यावरून माल सतत बाहेर येतो, त्यातला ओलावा मोजायचा. मी पुस्तकाप्रमाणे दर तासाला लागोपाठ पाच नमुने घेतले, एका मिनिटाच्या आत. एका मिनिटात ड्रायर काय बदलणार? पाच नमुन्यांतला फरक ०.१ टक्का, तोही बहुतेक ओलावा मोजण्याच्या यंत्राचा. लिमिट निघाल्या सरासरीच्या वर-खाली ०.०६. आणि ड्रायर दिवसभरात आरामात ०.३ इकडेतिकडे सरकतो. माझे ३० पैकी २१ बिंदू बाहेर गेले! तुमच्या चार्टवर कधीच घंटा वाजत नव्हती, माझ्या चार्टवर ती थांबतच नव्हती. ऑपरेटरांनी आठवड्यात चार्टकडे बघणं सोडलं.

मूळ एकच. सबग्रुपच्या आत काय जातं आणि दोन सबग्रुपच्या मधे काय जातं, हे आपण ठरवलं नव्हतं. तुम्ही आत फार कोंबलं, मी आत काहीच ठेवलं नाही.

मी नंतर तासाला एक आकडा धरला, लागोपाठच्या दोन आकड्यांतल्या फरकांची सरासरी काढून २.६६ ने गुणली आणि एकेरी आकड्यांचा चार्ट केला. बाहेर जाणारे बिंदू बरेच कमी झाले, पण माझं समाधान झालेलं नाही. या तासाचा ओलावा मागच्या तासाच्या ओलाव्याला धरूनच असतो, त्यामुळे लागोपाठचे फरकही खऱ्यापेक्षा लहान येतात आणि लिमिट अजूनही अरुंदच आहेत असं वाटतं. नमुने दोन-दोन तासांनी घ्यावेत असं एक जण म्हणतो, ड्रायरचं मॉडेल बसवून उरलेल्या फरकाचा चार्ट काढावा असं दुसरा म्हणतो. स्वल्पविराम सर, तुमचं काय मत?

---

स्वल्पविराम

तुमचं निदान बरोबर आहे. उपायाबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण ते तुम्हाला चार्टकडून काय हवंय त्यावर अवलंबून आहे. दोन तासांनी नमुना घेतला तर आकडे सुटे होतील, पण ड्रायर बिघडलेला कळायलाही तितकाच उशीर होईल. मॉडेल बसवलं तर ते ऑपरेटरला समजावून सांगावं लागेल, आणि बर्नरची हवा बदलली की मॉडेल पुन्हा बसवावं लागेल. पेपरमध्ये मात्र आकडे एकमेकांना धरून आहेत हे तपासून लिहा, ते न लिहिणं हा मोठा दोष आहे.

नोंदवहीवाली, एकाच नोझलच्या पाच बाटल्या घेतल्या तर लिमिट बरोबर येतील, पण बाकीची तीन नोझल अंधारात राहतील. चौथं नोझल निवडलं नसतं तर ते सापडलंच नसतं. तुमची नमुन्याची पद्धत बदलू नका, एका फेरीतल्या चार बाटल्याच घ्या. फक्त त्या चार आकड्यांची आधीच सरासरी करू नका. प्रत्येक नोझलचा वेगळा चार्ट ठेवा.

---

सुपरवायझर_२८

सर, चार नोझलचे चार चार्ट म्हणजे सरासरी-रेंज धरून आठ कागद. शिफ्टला एक क्यूसीची मुलगी, तिला झाकणाचा टॉर्क, कोडिंग, मेटल डिटेक्टरची चाचणी हे सगळं करायचं असतं. हे कागद तीन दिवस भरले जातील, चौथ्या दिवशी शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरले जातील. मी भरताना पाहिलेत. आणि आमच्या एका लाइनला चोवीस नोझल होती, तिथे काय करणार?

---

स्वल्पविराम

काका, ही अडचण खरी आहे. त्यावर एक जुनी युक्ती आहे: कागद एकच, प्रत्येक फेरीतलं फक्त सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वजन मांडायचं, आणि बिंदूशेजारी नोझलचा नंबर लिहायचा. खालच्या ओळीत ४, ४, ४, ४ असं येत गेलं की गणिताची गरजच पडत नाही. चारही नोझल सारखी असतील तर एकच नंबर लागोपाठ पाच वेळा तळाला येण्याची शक्यता २५६ मध्ये १. तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच माणूस उठून बघायला जातो.

पण त्यालाही मर्यादा आहे. मधली नोझल काय करतायत ते त्यातून दिसत नाही, आणि पेपरसाठी तेवढं पुरणार नाही. लाइनवर हा कागद आणि पेपरमध्ये चार वेगळे चार्ट, असं मी करेन. वाळवणघर कदाचित वेगळं म्हणतील.

---

वाळवणघर

मी सरासरीचा एक चार्ट ठेवेन, पण लिमिट नोझलच्या आतल्या १.२ वरून काढेन, आणि प्रत्येक नोझल त्या फेरीच्या सरासरीपासून किती दूर आहे ते वेगळं मांडेन. पहिल्यात हॉपर किंवा मालाचा घट्टपणा बदलला ते दिसेल, दुसऱ्यात एखादं नोझल सरकलं ते. सामायिक कारण आणि एकट्या नोझलचं कारण वेगळं पडतं. पण क्यूसीच्या मुलीला हे करायला लावू नये, यात मी काकांच्या बाजूचा आहे.

---

अबोली_म

मी माझ्या पेपरमधल्या रेषा काढल्या. एक विचारू? ५१५ कुठून आलं? वजनाच्या नियमात मी वरची मर्यादा कधी वाचली नाही.

---

नोंदवहीवाली

खरं सांगते, मीच धरलं. ४८५ नियमातून घेतलं, आणि वरच्या बाजूला तेवढेच १५ ग्रॅम जोडले, म्हणजे सूत्रात दोन्ही बाजू भरता येतील.

---

स्वल्पविराम

अबोली, हा या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्राच्या आर ८७ शिफारशीत ५०० ग्रॅमच्या पॅकला १५ ग्रॅमची तूट सहन केली आहे, आणि ती फक्त खालच्या बाजूला. शिवाय लॉटची सरासरी ५०० च्या खाली जाता कामा नये ही वेगळी अट आहे. जास्त भरलं तर नियमाला हरकत नाही, तो कारखान्याचा तोटा.

आता सीपीकेचे दोन भाग वेगळे करा, तुमचाच सिग्मा घेऊन:

```
वरून:   (५१५ − ५०१.५) ÷ (३ × ३.८९) = १.१६
खालून:  (५०१.५ − ४८५) ÷ (३ × ३.८९) = १.४१
```

तुमचा जो १.१६ पेपरच्या सारांशात गेला तो वरच्या, स्वतः जोडलेल्या मर्यादेतून आला आहे. वाचणाऱ्याला वाटेल की कमी भरण्याचा धोका आहे, आणि आकडा सांगतोय जास्त भरण्याबद्दल. चौथं नोझल एकटं घेतलं तर त्याचा खालचा आकडा (४९६.५ − ४८५) भागिले ३.६, म्हणजे जवळपास ३.२ येतो. ज्या नोझलमध्ये दोष आहे त्यालाही हा आकडा उत्तम गुण देतो, वरच्या १.१६ पेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ४८५ वरून काढलेली क्षमता या प्रश्नाला लागूच पडत नाही. इथे बंधन आहे ते सरासरी ५०० च्या वर ठेवण्याचं.

आणि एक. नोझलमागे तुमचे २५ च नमुने आहेत. एवढ्यावरून काढलेला कोणताही सीपीके ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर साधारण तीस टक्के खाली-वर धरावा लागतो. १.२ आणि १.४ यांत फरक आहे असं ठामपणे लिहिण्याइतका हा डेटा नाही. दोन दशांश स्थळांचा एकटा आकडा छापू नका, त्याची व्याप्तीही द्या.

---

नोंदवहीवाली

दहा दिवसांनी लिहिते आहे. मेंटेनन्सकडून फिलर उघडून घेतला. काकांनी सांगितलं तसंच निघालं: चौथ्या पिस्टनच्या बारीक जुळवणीचा लॉकनट सैल होता आणि स्लीव्ह बाकीच्यांपेक्षा दोन आटे मागे. रिंगा चारही चांगल्या. जुळवणी केली, नटवर रंगाची खूण मारली, म्हणजे धुतल्यावर परत बसवताना कळेल.

मग त्याच पद्धतीने २० संच घेतले. नोझलच्या सरासऱ्या ५०३.०, ५०४.०, ५०२.५, ५०३.०. रेंजची सरासरी ८.० वरून २.८ वर आली. लिमिट आता ५०१.१ ते ५०५.१. मोठा स्क्रू मुद्दाम हलवलेला नाही, पाया नीट बसल्यावर सगळ्यांना मिळून खाली आणू असं मॅनेजर म्हणाले.

आणि आता दोन बिंदू बाहेर गेले! ५००.८ आणि ५००.६, दोन्ही खाली, दोन्ही वेळा चारही नोझल एकत्र उतरलेली. वेळ पाहिली तर दोन्ही वेळा हॉपर तळाला आला होता, नवा बॅच चढायला दहा-बारा मिनिटं होती. जुन्या लिमिटवर, ४९५.७ वर, हे दोन्ही बिंदू कधीच उठून दिसले नसते.

माझा आता प्रश्न असा आहे. हॉपर रोज प्रत्येक बॅचला रिकामा होतो. म्हणजे ही घसरण प्रक्रियेचाच भाग धरून लिमिटमध्ये घ्यायची, का वेगळं कारण म्हणून ते दोन संच वगळून लिमिट पुन्हा काढायच्या?

---

वाळवणघर

रोज होतं म्हणून ते सहज ठरत नाही. कारण माहीत आहे, थांबवताही येतं. मी वगळेन, आणि पेपरमध्ये वगळल्याचं कारणासकट लिहीन.

---

सुपरवायझर_२८

वगळून चालणार नाही असं मला वाटतं. हॉपर तळाला जाणार नाही अशी पातळीची खूण आधी करा, मग खुशाल वगळा. तोवर ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या बाटल्यांत त्याही आहेतच.

---

स्वल्पविराम

मी काकांच्या जवळ आहे, पण पूर्ण नाही. चार्टच्या लिमिट काढताना ते दोन संच वगळा, कारण पुढे असं झालं की चार्टने ओरडावं हीच आपली इच्छा आहे. क्षमता सांगताना मात्र वगळू नका, तिथे कारखान्यातून बाहेर जाणारं सगळं मोजलं पाहिजे. आणि हॉपरची पातळी सुटेपर्यंत मी सीपीके छापणारच नाही, फक्त पीपीके आणि त्याची व्याप्ती देईन. यावर रिव्ह्यूअर वेगळं मत देऊ शकतो.

---

नोंदवहीवाली

हॉपरला खालून एक तृतीयांश उंचीवर खूण मारली आहे, सोमवारपासून त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरलंय. पुढचे २५ संच झाले की चारही रकाने इथेच टाकते. या वेळी एकही रकाना लपवलेला नसेल.